काळ्या जमिनीचा ओलावा-वक्र: वाफसा आणि कोमेज बिंदू कसा काढायचा

माती परीक्षणाच्या अहवालात बहुतेक वेळा दोनच आकडे येतात. एक फील्ड कपॅसिटी, म्हणजे पाणी दिल्यावर जास्तीचं पाणी निथळून गेलं की मातीत उरणारा ओलावा. शेतकरी ज्याला पक्का वाफसा म्हणतो, त्याच्या जवळची ही अवस्था. दुसरा कायमचा कोमेज बिंदू, म्हणजे ज्या ओलाव्याला रोप सुकतं आणि रात्रभर ओल्या हवेत ठेवलं तरी पुन्हा ताठ होत नाही. या दोहोंमधलं पाणी पिकाचं. पण नुसत्या दोन आकड्यांवरून त्यातला एखादा चुकला आहे का, हे कळत नाही. मातीने पाणी धरून ठेवण्याची ओढ, म्हणजे ताण, आणि ओलावा यांचा वक्र मधले चारपाच बिंदू मोजून काढला तर चुकलेला बिंदू रांगेबाहेर उभा राहतो. म्हणून माझा आग्रह असा की दोन आकडे हवे असले तरी मोजायचे सात.

इथे मी घेतली आहे मराठवाडा-विदर्भातली खोल काळी जमीन. निम्म्याहून जास्त चिकणमाती असलेली, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. ही जमीन पाण्याने फुगते आणि सुकताना आकसते, आणि वक्र काढतानाच्या बहुतेक अडचणी या फुगण्या-आकसण्यातूनच येतात. खालचे आकडे अशाच एका शेतातल्या १५ ते ३० सें.मी. थराचे आहेत.

नमुना आणि तयारी

नमुना थरवार घ्या: ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० सें.मी. सगळे थर एकत्र कालवून एक नमुना केला तर येणारा वक्र कुठल्याच थराचा नसतो. माती सावलीत वाळवा, ओव्हनमध्ये नाही. ढेकळं लाकडी मोगरीने हलकेच फोडा आणि २ मि.मी.च्या चाळणीतून गाळा. काळी ढेकळं वाळली की दगडासारखी होतात आणि खलात घालून कुटायचा मोह होतो. तो टाळा. मातीचे बारीक रवे भुकटी झाले की त्यांच्यामधली मोठी पोकळी जाते, आणि वक्राचा ओला भाग सगळाच बदलतो.

त्याच शेतातून, त्याच थरातून, पण जमीन वाफशावर असताना, पोलादी कडं ठोकून न हललेला नमुनाही घ्या. तो स्थूल घनतेसाठी, म्हणजे पोकळीसकट मातीच्या घनतेसाठी लागतो. वाफशावर असतानाच का, ते पुढे हिशेबात दिसेल.

प्रेशर प्लेटवर माती बसवणं

या यंत्राची कल्पना साधी आहे. चिनी मातीच्या सच्छिद्र प्लेटवर ओली माती ठेवायची, जाड झाकणाचं भांडं बंद करायचं आणि आत हवेचा दाब द्यायचा. प्लेटची छिद्रं इतकी बारीक असतात की त्यातून पाणी जातं, हवा जात नाही. त्या दाबाला जेवढं पाणी मातीला धरून ठेवता येत नाही तेवढं प्लेटखालच्या नळीतून बाहेर पडतं. पाणी थांबलं की मातीत उरलेला ओलावा हा त्या दाबाएवढ्या ताणाचा ओलावा. ही पद्धत एल. ए. रिचर्ड्स यांनी अमेरिकेत रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेत बसवली आणि आजही प्रयोगशाळांची मुख्य भिस्त तिच्यावरच आहे.

१०, ३३ आणि १०० किलोपास्कलसाठी १ बारची प्लेट वापरतात, वरच्या दाबांसाठी ५ आणि १५ बारच्या. (१ बार म्हणजे १०० किलोपास्कल.) प्लेट आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवा. प्लेटवर साधारण ५ सें.मी. व्यासाची, १ सें.मी. उंचीची रबरी कडी मांडा आणि प्रत्येकात २० ते २५ ग्रॅम माती भरा. प्रत्येक नमुन्याच्या किमान तीन कड्या हव्यात. माती चमच्याने ओतताना एका बाजूला जाड कण आणि दुसऱ्या बाजूला बारीक असं होतं, म्हणून चमच्यात येईल तेवढी माती एकदम कड्यात सोडा. मग प्लेटवर पाणी सोडून रातभर भिजू द्या. पाणी खालून वर चढलं पाहिजे. वरून ओतलं तर आत हवा कोंडते.

सकाळी कडी पाहिली तर काळी माती कड्याच्या काठाच्या वर फुगून आलेली दिसते, भाकरीच्या पिठासारखी. हे लक्षात ठेवा, याचा हिशेब पुढे द्यावा लागतो.

जास्तीचं पाणी पिचकारीने ओढून घ्या, झाकणाचे बोल्ट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा आणि दाब हळूहळू चढवा. नळीचं टोक बीकरमध्ये ठेवा. अधूनमधून एखादा बुडबुडा येणं चालतं, पण बुडबुड्यांची सलग माळ लागली तर प्लेटला चीर आहे किंवा सील गळतं आहे. तो दाब सोडा आणि प्लेट बदला, त्या फेरीचे आकडे वापरू नका.

किती वेळ थांबायचं? ३३ किलोपास्कलला चिकण मातीला दोन-तीन दिवस लागतात. १५०० ला आठवडा सहज जातो, काळ्या मातीत त्याहून जास्तही. घड्याळापेक्षा बीकर पाहा. सलग २४ तास बीकरमधल्या पाण्यात फरक पडला नाही, तरच समतोल झाला.

दाब सोडण्याआधी बाहेरची नळी चिमट्याने बंद करा. हे विसरलं तर दाब उतरताच नळीतलं पाणी प्लेटमधून उलटं मातीत शिरतं आणि नमुना दिसताना तसाच, पण ओला होतो. झाकण उघडल्यावर माती लगेच वजन केलेल्या अॅल्युमिनियमच्या डबीत घालून झाकण लावा.

वजन आणि पहिला आकडा

३३ किलोपास्कलच्या एका डबीचं उदाहरण घेऊ. रिकामी डबी २४.३६ ग्रॅम. ओल्या मातीसह ५१.७२. १०५ अंश सेल्सिअसला २४ तास सुकवून, डेसिकेटरमध्ये गार करून, ४४.३६. म्हणजे पाणी ७.३६ ग्रॅम, कोरडी माती २०.०० ग्रॅम. ओलावा ३६.८ टक्के, कोरड्या मातीच्या वजनावर. भागाकार नेहमी कोरड्या मातीने करायचा. ओल्या मातीने केला तर हाच आकडा २६.९ येतो.

एका डबीत ०.२ ग्रॅम पाणी उडालं तरी आकडा एका टक्क्याने खाली येतो. पंख्याखाली वजनं करू नयेत, एवढंच त्यावरून समजून घ्यावं.

सात दाबांचे तीन-तीन कड्यांचे सरासरी आकडे असे आले:

| ताण (किलोपास्कल) | ओलावा (वजनाने टक्के) |
|---|---|
| १० | ४३.१ |
| ३३ | ३६.८ |
| १०० | ३१.० |
| ३०० | २६.३ |
| ५०० | २४.४ |
| १००० | २१.९ |
| १५०० | २०.६ |

वक्र काढणं

आडव्या अक्षावर ताण, उभ्यावर ओलावा. आडवा अक्ष लॉग मापाचा हवा. साध्या आलेख कागदावर १० ते १०० हा सगळा ओला भाग डाव्या कोपऱ्यात चेपला जातो आणि नेमकं फील्ड कपॅसिटीच्या आसपास काहीच वाचता येत नाही. सेमी-लॉग कागद नसेल तर प्रत्येक ताणाचा लॉग काढून साध्या कागदावर मांडा. एक्सेलमध्ये असाल तर `Scatter` प्रकारचा आलेख घेऊन आडव्या अक्षाच्या सेटिंगमध्ये `Logarithmic scale` वर खूण करा.

बिंदू मांडले की हाताने, फूटपट्टी न लावता, त्यांच्यातून सलग रेषा ओढा. ती डावीकडून उजवीकडे खालीच उतरली पाहिजे. कुठेही वर चढत असेल तर तिथे मोजमाप चुकलं आहे.

माझ्या बाबतीत हे घडलं. याच नमुन्याची १५०० ची पहिली फेरी पाच दिवसांनी उघडली आणि ओलावा आला २३.७. नुसता तो आकडा पाहिला असता तर चिकण माती म्हणून तो खपूनही गेला असता. पण आलेखावर १००० चा बिंदू २१.९ वर होता. जास्त ताणाला जास्त ओलावा हे शक्यच नाही. डबीत घालण्यापूर्वी मातीच्या चकत्या नीट पाहिल्या होत्या, आणि तिथे कारण दिसलं होतं: चकत्या आकसून बशीसारख्या वाकल्या होत्या, कडा प्लेटवरून उचलल्या गेल्या होत्या. पाण्याचा धागाच तुटल्यावर दाब कितीही दिला तरी पाणी निघणार कुठून? बीकरमधलं पाणी थांबलं होतं, पण समतोल झाला म्हणून नाही.

दुसऱ्या फेरीला मातीचा थर अर्ध्या सेंटिमीटरवर आणला, प्लेटवर आधी केओलिनच्या लगद्याचा पातळ लेप देऊन वर बारीक कापड पसरलं, आणि बारा दिवस थांबलो. तेव्हा २०.६ आला आणि बिंदू रेषेत बसला. पातळ थर वाकत नाही आणि पाण्याला वाटही थोडीच चालावी लागते. पहिला आकडा तसाच राहिला असता तर पिकाचं उपलब्ध पाणी १६.२ ऐवजी १३.१ टक्के धरलं गेलं असतं.

फील्ड कपॅसिटी वाचताना

चिकण आणि मध्यम मातीला ३३ किलोपास्कल, म्हणजे पाण्याच्या सुमारे ३३७ सें.मी. स्तंभाएवढा ताण, ही रूढ खूण आहे. वाळूला ती चालत नाही, तिथे १० धरतात. कोकणातल्या जांभ्या मातीतही चिकण भाग भरपूर असला तरी कण पक्क्या रव्यांत बांधलेले असल्याने पाणी वाळूसारखं भरभर निथळतं, आणि १० चाच बिंदू शेताशी जुळण्याचा संभव जास्त.

३३ ला थेट मोजलं नसेल आणि १० व १०० चे बिंदू असतील, तर मधला आकडा काढताना ताणाचा लॉग घेऊनच काढा. साध्या प्रमाणाने काढला तर आपल्या नमुन्यात ४०.० येतो, लॉगने ३६.८. प्रत्यक्ष मोजलेलाही ३६.८ च आहे. एक्सेलमध्ये ताण A स्तंभात आणि ओलावा B मध्ये असेल, दुसऱ्या ओळीत १० चा आणि तिसरीत १०० चा बिंदू, तर:

```
=B2+(B3-B2)*(LOG10(33)-LOG10(A2))/(LOG10(A3)-LOG10(A2))
```

कोमेज बिंदू वाचताना

१५०० किलोपास्कल ही रेघ सूर्यफुलाच्या रोपांवरून आली. ब्रिग्ज आणि शँट्झ यांनी १९१२ साली कोमेजण्यावर मोजमापं केली, आणि पुढे रोप कोमेजतं तो ओलावा १५ बारच्या आसपास जमतो असं दिसलं. ती निसर्गाची काटेकोर सीमा नव्हे. तरीही ती चालते, कारण त्या भागात वक्र सपाट झालेला असतो. आपल्याच वक्रात १००० पासून १५०० पर्यंत ताण दीडपट झाला तरी ओलावा फक्त १.३ टक्क्यांनी उतरतो. एखादं चिवट पीक थोडं पुढेपर्यंत पाणी ओढतं, पण त्याने हिशेब फार हलत नाही.

खारपाणपट्ट्यासारख्या क्षारयुक्त जमिनीत मात्र सावध राहा. प्रेशर प्लेट फक्त मातीच्या कणांची ओढ मोजते. मुळांना त्याशिवाय क्षारांच्या ओढीशीही झगडावं लागतं, त्यामुळे पीक वक्रावरच्या कोमेज बिंदूच्या बरंच आधी मान टाकतं. तिथे वक्राबरोबर मातीच्या अर्काची क्षारता मोजल्याशिवाय उपलब्ध पाण्याचा आकडा देऊ नये.

टक्क्यांतून मिलिमीटरमध्ये

पाणी मिलिमीटरमध्ये हवं तर स्थूल घनता लागते, आणि काळ्या जमिनीत सर्वांत मोठी चूक इथे होते. वाफशावर घेतलेल्या कड्यावरून आपल्या थराची घनता आली १.२५ ग्रॅम प्रति घन सें.मी. त्याच मातीचं वाळलेलं ढेकूळ मोजलं तर ती १.८ भरते, कारण माती आकसून घट्ट झालेली असते.

उपलब्ध पाणी: ३६.८ वजा २०.६, म्हणजे १६.२ टक्के. गुणिले १.२५ केलं की २०.२५ टक्के आकारमानाने. ६० सें.मी. खोलीपर्यंत थर सारखाच मानला तर १२१.५ मि.मी. थर वेगळे असतील तर प्रत्येकाचं वेगळं काढून बेरीज करा. ढेकळाची घनता घेतली असती तर १७५ मि.मी. आलं असतं. जमिनीत नसलेलं ५३ मि.मी. पाणी कागदावर तयार झालं असतं.

ही चूक पकडायची कसोटी सोपी आहे. मातीच्या कणांची घनता २.६५ धरली तर १.८ घनतेला एकूण पोकळी ३२ टक्के उरते. आणि ३६.८ गुणिले १.८ म्हणजे ६६ टक्के पाणी! ३२ टक्के पोकळीत ६६ टक्के पाणी मावणार कसं? १.२५ ला पोकळी ५३ टक्के आणि पाणी ४६ टक्के येतं. पाणी मावतं आणि हवेलाही जागा राहते.

हीच कसोटी १० किलोपास्कलच्या बिंदूला लावून पाहा. ४३.१ गुणिले १.२५ म्हणजे ५३.९, पोकळीपेक्षा थोडं जास्तच. सकाळी कड्याच्या वर फुगून आलेली माती आठवा. प्रयोगशाळेत तिच्यावर कसलंच ओझं नव्हतं, म्हणून ती मनासारखी फुगली. शेतात त्याच थरावर १५ सें.मी. माती बसलेली असते, ती एवढं फुगू देत नाही. म्हणून चाळलेल्या काळ्या मातीचा ओला भाग शेतापेक्षा वर निघतो, आणि ३३ चा आकडाही थोडा वर असण्याची शंका घ्यावीच लागते. १५०० कडे हा फरक विरतो, कारण तिथे पाणी कणांच्या पृष्ठभागाला चिकटलेलं असतं, रचनेशी त्याचं फारसं देणंघेणं नसतं.

शेतात पडताळा

शंका फेडायला शेतातच जावं लागतं. २ मीटर बाय २ मीटरचा वाफा करा, चारी बाजूंनी घट्ट बांध घाला, आणि थर पूर्ण भिजेल एवढं पाणी द्या. भेगा असतील तर एकदा पाणी देऊन भागत नाही, भेगा मिटेपर्यंत दोन-तीनदा द्या, नाहीतर पाणी भेगेतून थेट खाली जातं आणि मधलं ढेकूळ कोरडंच राहतं. पाणी आत मुरल्यावर वर प्लास्टिक, त्यावर पाचट किंवा कडबा. म्हणजे बाष्पीभवन थांबतं आणि उरते फक्त निथळ. मग रोज त्याच थरातून ऑगरने नमुने काढून ओलावा मोजा, आणि वाफ्याच्या कडेपासून अर्धा मीटर आतूनच काढा.

आपल्या वाफ्यात पहिल्या दिवशी ३९.५, दुसऱ्या दिवशी ३७.०, तिसऱ्या दिवशी ३५.५ आणि चौथ्या दिवशी ३५.० आला. उतरणं जवळजवळ थांबलं तिथे, ३५.० वर, या शेताची खरी फील्ड कपॅसिटी. पुस्तकात दोन दिवस लिहिलेलं असतं, पण काळी जमीन सावकाश निथळते, तिला चार दिवस द्या. वक्रावर ३५.० ची आडवी रेघ ओढून खाली उतरलं तर ताण ४५ किलोपास्कलच्या आसपास पडतो, ३३ ला नाही.

मग हिशेब बदलतो: ३५.० वजा २०.६ म्हणजे १४.४, आणि ६० सें.मी.ला १०८ मि.मी. निम्मं पाणी संपल्यावर पाणी द्यायचं ठरवलं तर ५४ मि.मी. वापरलं जाईपर्यंत थांबता येतं. त्या वेळी ओलावा २७.८ असतो, आणि वक्रावर तो १०० आणि ३०० च्या बिंदूंमध्ये, २०० च्या आसपास बसतो. शेतात ताण मोजणारा टेन्शिओमीटर साधारण ८० किलोपास्कलच्या पुढे चालत नाही, त्याच्या नळीत हवा शिरते. म्हणून या जमिनीत केवळ त्याच्या भरवशावर निम्म्या पाण्याची वेळ कळणार नाही. ८० ला वक्रावर ३२.२ दिसतं, म्हणजे उपलब्ध पाण्यातला जेमतेम पाचवा भाग संपलेला असतो. तिथून पुढे ऑगर, डबी आणि ओव्हन, किंवा जिप्सम ब्लॉक.

वक्राच्या कागदावर थराची खोली, माती चाळलेली की न हललेली, घनता किती आणि ती कोणत्या ओलाव्याला मोजली, १५०० ला किती दिवस थांबलात, आणि शेतातल्या वाफ्याचा आकडा, हे सगळं कोपऱ्यात लिहून ठेवा. दोन वर्षांनी दुसऱ्या कोणी त्याच शेताचा वक्र काढला आणि आकडे जुळले नाहीत, तर फरक मातीत आहे की पद्धतीत हे त्या कोपऱ्यावरूनच कळेल.